रक्तवाढीची गोळी, गुडघेदुखीची गोळी आणि काळं शौच

आषाढी झाली, वारीला गेलेली माणसं पुण्यात परतली, की औषधांच्या दुकानात गुडघ्यांसाठी गोळ्या मागणारे वाढतात. त्याच माणसांच्या पिशवीत बऱ्याचदा रक्तवाढीच्या गोळ्यांचं पाकीटही असतं. मी काउंटरच्या आत उभी राहणारी फार्मासिस्ट. समोरून येणारे प्रश्न ठरलेले असतात. गोळीनं मळमळतं, बंद करू का? पोट साफ होत नाही, सोबत काय घेऊ? आणि थोडं संकोचून, आवाज खाली आणून विचारलेला तिसरा प्रश्न म्हणजे संडासला काळं होतंय, घाबरायचं का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्याचं उत्तर मात्र दोन तऱ्हेचं आहे. लोहाच्या गोळीमुळे शौच काळं होतं आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. दुखण्याच्या गोळीमुळे जठराला जखम होऊन आत रक्त गेलं, तरी शौच काळंच होतं, आणि तेव्हा दवाखाना गाठायचा असतो. दोन्ही गोळ्या एकच माणूस घेत असेल तर पहिला काळा रंग दुसऱ्याला झाकून टाकतो. हा लेख त्या झाकण्याबद्दल आहे. तिथपर्यंत पोचायला दोन्ही गोळ्या पोटात काय करतात ते आधी बघू.

## साठ मिलिग्रॅममधलं किती अंगी लागतं?

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड असतं. दुकानातल्या पाकिटांवर कधी फेरस सल्फेट, कधी फेरस फ्युमरेट, कधी फेरस ॲस्कॉर्बेट लिहिलेलं असतं. हे सगळे लोहाचे क्षार. क्षाराचं वजन आणि त्यातल्या लोहाचं वजन वेगळं असतं, म्हणून पाकीट वाचताना 'एलिमेंटल आयर्न' असं लिहिलेला आकडा बघायचा. शरीराच्या कामाचा तोच.

आता हे ६० मिलिग्रॅम पोटात गेले. लोह शोषलं जातं ते मुख्यतः जठरानंतर लगेच लागणाऱ्या लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात. तिथे फार फार तर दहा ते वीस टक्के लोह आत घेतलं जातं. ज्याच्या अंगात लोह कमी आहे त्याचं शरीर थोडं जास्त ओढून घेतं, पण तरीही गोळीतला मोठा हिस्सा, म्हणजे पन्नासेक मिलिग्रॅम, न शोषता पुढे सरकतो. गोळीच्या बहुतेक तक्रारी या उरलेल्या लोहाच्या आहेत.

मळमळ आणि पोटात ओढल्यासारखं दुखणं गोळी घेतल्यावर तासाभरात सुरू होतं. विरघळलेलं लोह जठराच्या अस्तराला थेट झोंबतं, आणि मात्रा जितकी मोठी तितकं जास्त. म्हणूनच १०० मिलिग्रॅमची गोळी न सोसणाऱ्या माणसाला ६० ची सोसते.

'जेवणासोबत घेतली तर त्रास होत नाही' हे अनेकांना अनुभवानं कळलेलं असतं आणि ते खरं आहे. मात्र त्याची किंमत असते. जेवणासोबत लोहाचं शोषण निम्म्यापर्यंत उतरू शकतं. तरीही मळमळीनं गोळी टाकून देण्यापेक्षा दोन घास खाऊन घेतलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. चहाबाबत मात्र मी सवलत देत नाही. सकाळी फिरून येताना अमृततुल्यावर थांबायचं आणि त्याच घोटाबरोबर गोळी गिळायची ही सवय पुण्यात बरीच दिसते. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि ते आतड्यात शिरू देत नाही. दुधातलं कॅल्शियमही आड येतं. गोळीच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी नको. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर क जीवनसत्त्वाचा फायदाच होतो.

## मलावरोध आणि काळा रंग कुठून येतो?

न शोषलेलं लोह मोठ्या आतड्यात पोचतं. तिथे कोट्यवधी जिवाणू राहतात, आणि अन्नाच्या विघटनातून तिथे गंधकाची संयुगंही तयार होत असतात. लोह आणि गंधक एकत्र आलं की काळपट हिरवं लोह-सल्फाइड बनतं. शौचाला रंग येतो तो याचा. यात रक्ताचा काही संबंध नाही.

तेच उरलेलं लोह तिथल्या जिवाणूंची घडीही बदलतं. काही जाती वाढतात, काही मागे पडतात, आतड्याची हालचाल मंदावते आणि मल कडक होतो. काहींना उलट जुलाब होतात. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच, जास्तीचं लोह. त्यामुळे उपायही तिथेच शोधायचा.

इथे एक शंका नेहमी येते. मात्रा कमी केली तर रक्त कसं वाढणार? याचं उत्तर यकृतात आहे. लोहाची मोठी मात्रा रक्तात आली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, आणि ते आतड्याला सांगतं की आता लोह आत घेऊ नकोस. हा मनाईहुकूम साधारण एक दिवस टिकतो. त्यामुळे सकाळी एक गोळी घेतली, संध्याकाळी दुसरी घेतली, तर संध्याकाळच्या गोळीतलं लोह मोठ्या प्रमाणात वायाच जातं आणि मोठ्या आतड्यात जाऊन त्रास देतं. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या अभ्यासांत दिसलं आहे की लोह कमी असलेल्या बायकांनी दिवसाआड एक गोळी घेतली तर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह अंगी लागतं. म्हणून ज्यांना फार त्रास होतो त्यांना डॉक्टर आता दिवसातून एकदाच किंवा दिवसाआड गोळी देतात. गरोदरपणात मात्र रोजची गोळी ठरलेली असते, तिथे आपल्या मनानं दिवसाआड करायचं नाही.

दुसरी शंका म्हणजे काळं झालं तर गोळी लागू पडली आणि नाही झालं तर नाही, असं समजायचं का? नाही. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा आहे. किती शोषलं गेलं हे रंग सांगत नाही, ते फक्त रक्ताची तपासणी सांगते. लोह नीट शोषलं जात असेल आणि कुठे गळती नसेल तर हिमोग्लोबिन तीन-चार आठवड्यांत एक ते दोन अंकांनी वर सरकतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो फार उपयोगी पडणार आहे.

## दुखण्याची गोळी जठराचं काय करते?

डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, ॲस्पिरिन या सगळ्या एका कुळातल्या गोळ्या. त्या दुखणं आणि सूज दोन्ही कमी करतात, म्हणून त्यांना आपण इथे 'सुजेच्या गोळ्या' म्हणू. पॅरासिटामॉल या कुळातलं नाही. पण दुकानात मिळणाऱ्या कित्येक पाकिटांत पॅरासिटामॉलसोबत ॲसेक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन एकाच गोळीत असतं, आणि 'मी फक्त तापाची गोळी घेते' असं म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात सुजेची गोळी जात असते. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचायची ती यासाठी.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत पितळेची, तांब्याची भांडी घडवली जातात. अशा भांड्यात चिंचेची आमटी करायची तर आतून कल्हई लागते, नाहीतर आंबट पदार्थ धातूला खातो आणि अन्न कळकतं. कल्हई कायमची नसते. झिजते आणि पुन्हा करावी लागते. जठराचंही असंच आहे. आत इतकं तीव्र आम्ल असतं की ते मांस पचवतं, मग जठराची स्वतःची भिंत का पचत नाही? कारण तिच्यावर चिकट श्लेष्माचा आणि आम्ल मारणाऱ्या क्षाराचा लेप असतो. भिंतीला रक्ताचा भरपूर पुरवठा असतो, आणि झिजलेला भाग शरीर सतत नवा करत राहतं. ही कल्हई चालू ठेवायचा हुकूम देणारी रसायनं म्हणजे प्रोस्टाग्लँडिन.

अडचण अशी की गुडघ्यात सूज आणि दुखणं निर्माण करण्यातही प्रोस्टाग्लँडिनचाच हात असतो. सुजेची गोळी प्रोस्टाग्लँडिन बनवणारं यंत्र बंद पाडते. गुडघा शांत होतो, आणि त्याच वेळी जठराची कल्हई करणाराही घरी बसतो. आम्ल मात्र पूर्वीइतकंच येत राहतं. ही गोष्ट जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७१ साली दाखवून दिली. १९८२ चं नोबेल पारितोषिक त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसोबत मिळालं.

म्हणजे लोहाची गोळी आणि सुजेची गोळी जठराला वेगवेगळ्या वाटांनी त्रास देतात. लोह आतून झोंबतं आणि पुढे निघून जातं. सुजेची गोळी संरक्षणच काढून घेते, आणि मग कधी वरवरचे ओरखडे, कधी खोल जखम, म्हणजे अल्सर होतो. अल्सर एखाद्या रक्तवाहिनीपर्यंत पोचला की रक्तस्राव.

## 'पण मी जेवल्यावरच घेते'

हे बरोबर आहे आणि पुरेसं नाही. जेवल्यावर घेतल्यानं गोळी अस्तराला थेट झोंबत नाही, जळजळ कमी होते. पण गोळी रक्तात शोषली गेल्यावर रक्तामार्फत जठराच्या भिंतीत पोचते आणि तिथलं प्रोस्टाग्लँडिन बंद करते. त्याला जेवण अडवू शकत नाही. म्हणूनच इंजेक्शनच्या रूपात घेतलेलं डायक्लोफेनॅकही जठराला अल्सर करू शकतं. आतड्यात विरघळणाऱ्या वेष्टनाच्या ॲस्पिरिनबद्दलही हेच.

जळजळ होत नाही म्हणजे जठर सुरक्षित, हाही समज चुकीचा आहे. सुजेच्या गोळीनं झालेले अल्सर अनेकदा अजिबात दुखत नाहीत, विशेषतः साठीच्या पुढच्या माणसांत. पहिली खूण थेट रक्तस्रावाचीच असू शकते.

पित्ताची गोळी, म्हणजे पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल, जठरातलं आम्ल कमी करते. ज्यांना सुजेची गोळी घ्यावीच लागते अशा वयस्क माणसांना डॉक्टर ती सोबत देतात आणि तिचा चांगला उपयोग होतो. ती सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. तिच्यानं धोका कमी होतो, संपत नाही. जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या खालच्या भागात सुजेच्या गोळीनं होणाऱ्या जखमांवर तिचा उपाय चालत नाही. शिवाय लोह शोषायला आम्लाची मदत लागते, त्यामुळे पित्ताची गोळी दीर्घकाळ चालू असेल तर लोह कमी शोषलं जातं. तीन गोळ्या एकमेकींच्या कामात कशा अडकतात ते यातून दिसेल.

## दुखण्याच्या गोळीनं मलावरोध होतो तो कुठल्या?

सुजेच्या गोळ्यांची ही मुख्य तक्रार नाही. मलावरोध करतात त्या ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिन अशा, अफूच्या कुळातल्या गोळ्या. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंवर त्या बसतात आणि आतड्याची पुढे ढकलणारी हालचाल मंदावते. मल आत जास्त वेळ राहतो, त्यातलं पाणी शोषलं जात राहतं आणि तो दगडासारखा होतो. मळमळ, गुंगी यांची सवय काही दिवसांत होते, मलावरोधाची मात्र होत नाही. अशा वेळी नुसता इसबगोल वाढवून भागत नाही. हालचालच थांबलेली असल्यानं तो आत फुगून बसतो. पोट सुरू करणारं औषध डॉक्टरांना विचारून पहिल्या दिवसापासून घ्यावं लागतं.

## दोन्ही गोळ्या एकत्र आल्या की काय होतं

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एक उदाहरण मनाशी धरू.

समजा, कोथरूडमधल्या ६४ वर्षांच्या एक काकू आहेत. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवल्यापासून रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतात. वारीच्या आधीपासून गुडघे दुखत होते, आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास चालून ते आणखी दुखू लागले. शेजारणीनं सांगितलेली ॲसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची गोळी त्या दिवसातून दोनदा घेऊ लागल्या. तीन महिने झाले. धाप लागते म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ९.४. रक्तवाढीची रोजची ६० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. काकूंनी गुडघ्याच्या गोळीचा उल्लेख केला नाही, कारण ती त्यांच्या लेखी औषध नव्हतीच, 'अशीच' गोळी होती.

इथे पहिली निसटलेली गोष्ट. पाळी चालू असलेल्या बाईचं लोह पाळीतून जातं. पाळी बंद झालेल्या बाईचं आणि पुरुषाचं लोह कमी झालं, तर ते कुठे जातंय हे आधी शोधायचं असतं, आणि पोटातून जातंय का ही त्यातली पहिली शंका.

थोडा हिशेब करू. काकूंच्या जठराला अल्सर झाला आहे आणि त्यातून रोज १५ मिलिलिटर, म्हणजे तीन छोटे चमचे रक्त झिरपतंय. इतक्या रक्तानं शौचाचा रंग बदलत नाही. त्यासाठी साधारण ५० ते १०० मिलिलिटर रक्त एकदम जावं लागतं. काकूंच्या पातळ झालेल्या रक्तात एका मिलिलिटरमध्ये साधारण एक तृतीयांश मिलिग्रॅम लोह आहे. म्हणजे रोज पाच मिलिग्रॅम लोह चाललंय. जेवणातून माणूस रोज एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषतो. तोटा उघड आहे.

मग लोहाची गोळी सुरू झाली. साठातलं आठ-नऊ मिलिग्रॅम अंगी लागलं, असं धरलं, तरी त्यातलं निम्म्याहून जास्त गळतीतच गेलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून शौच काळं. काकूंनी मुलीला विचारलं, मुलीनं सांगितलं की गोळीचं आहे, घाबरू नकोस. तोपर्यंत ते खरंही होतं.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.५ ते ११ च्या आसपास दिसायला हवं होतं. निघालं ९.३. ही दुसरी निसटलेली गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. गोळी रोज घेतली जातेय, चहासोबत नाही, शौच काळं होतंय, आणि आकडा जागचा हलत नाही. याचा अर्थ गोळी बदलून महागडी घ्या असा नाही. याचा अर्थ रक्त कुठेतरी जातंय का ते बघा, असा आहे. या टप्प्यावर शौचातलं लपलेलं रक्त शोधणारी साधी तपासणी करता येते. प्रयोगशाळेत ती 'स्टूल ऑकल्ट ब्लड' या नावानं होते. नव्या पद्धतीची तपासणी माणसाच्या हिमोग्लोबिनलाच ओळखते, त्यामुळे लोहाच्या गोळीनं ती फसत नाही. पण जठरातून झिरपलेलं रक्त खाली पोचेपर्यंत पचून जातं आणि तिच्यातून सुटू शकतं. म्हणून तपासणी नकारात्मक आली तरी काकूंसारख्या माणसाला पोटाच्या डॉक्टरकडे पाठवून दुर्बिणीची तपासणी करणं योग्य.

काकूंचं तसं झालं नाही. सहाव्या आठवड्यात एका सकाळी त्यांना तीनदा जावं लागलं. शौच काळं होतं, पण आधीसारखं नाही. पातळसर, चिकट, चमकदार आणि असह्य वासाचं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पोट दुखत नव्हतं. घरात सगळे म्हणाले, रक्तवाढीची गोळी आहे ना, तिचंच असणार.

## काळ्या रंगातला फरक कसा ओळखायचा

लोहाचं काळं शौच बांधीव असतं, नेहमीसारखं किंवा नेहमीपेक्षा कडक. वास नेहमीचाच. रंग नीट पाहिला तर काळ्यात हिरवी झाक दिसते, पाण्यात विरघळलं की ती जास्त कळते. पाणी ओतलं की भांड्याला चिकटून राहत नाही.

रक्ताचं काळं शौच डांबरासारखं असतं. जठरातलं आम्ल आणि आतड्यातले पाचकरस रक्तातल्या हिमोग्लोबिनचं विघटन करतात आणि लाल रक्त काळं पडतं. ते चिकट, चकचकीत असतं, भांड्याला धरून बसतं, दोन-तीनदा पाणी ओतावं लागतं. पाण्यात पसरताना काही वेळा लालसर झाक दिसते. वास इतका वेगळा आणि उग्र असतो की ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही. आणि रक्त आतड्याला जुलाबाच्या औषधासारखं ढकलतं, त्यामुळे मल सैल होतो, वारंवार जावं लागतं. लोहाची गोळी घेणाऱ्या, आधी मलावरोध असलेल्या माणसाला एकाएकी काळे जुलाब सुरू झाले, तर तो बदलच मोठी खूण आहे.

रंगाचीच शंका असेल आणि बाकी काहीच त्रास नसेल, तर डॉक्टरांना विचारून लोह काही दिवस थांबवलं की रंग तीन ते पाच दिवसांत पूर्ववत होतो. चिकट, दुर्गंधी शौच असेल, किंवा चक्कर, घाम, छातीत धडधड, धाप, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी यांतलं काहीही असेल, तर हा प्रयोग करत बसायचं नाही. १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीनं मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. पुण्यात ससूनसह अनेक ठिकाणी दुर्बिणीनं रक्तस्राव थांबवायची सोय आहे. त्या माणसाला स्वतः दुचाकी चालवत जाऊ द्यायचं नाही.

## 'हिमोग्लोबिन ठीक आलं, मग काळजी कसली?'

ही शेवटची आणि सर्वांत फसवी शंका. रक्त वाहू लागलं की शरीरातून सगळंच रक्त एकत्र जातं, लाल पेशीही आणि पाणीही. उरलेल्या रक्ताची दाटी तशीच राहते, म्हणून पहिल्या काही तासांत तपासणीत हिमोग्लोबिन फारसं उतरलेलं दिसत नाही. नंतर शरीर बाहेरचं पाणी रक्तवाहिन्यांत ओढून घेतं, रक्त पातळ होतं आणि मग आकडा कोसळतो. म्हणून तातडीच्या विभागात डॉक्टर नाडी आणि रक्तदाब आधी बघतात, आणि हिमोग्लोबिन काही तासांनी पुन्हा तपासतात. रक्तातलं युरियाचं प्रमाण वाढलंय आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन मात्र ठीक आहे, ही आणखी एक खूण. पोटात गेलेलं रक्त प्रथिनासारखं पचतं आणि त्यातून युरिया वाढतो.

काकूंच्या बाबतीत सकाळी हिमोग्लोबिन ८.९ होतं, रात्री ७.८. हृदयविकार असल्यानं आकडा आठच्या खाली गेल्यावर रक्ताची पिशवी चढवली. दुर्बिणीत जठराच्या खालच्या भागात अल्सर दिसला, त्यातल्या रक्तवाहिनीला क्लिप लावली. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची तपासणीही केली, कारण हा जिवाणू आणि सुजेची गोळी एकत्र आले की अल्सरचा धोका एकट्यादुकट्यापेक्षा बराच वाढतो. आठ आठवडे पँटोप्रॅझोल लागलं. ॲसेक्लोफेनॅक कायमचं बंद. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, वरून लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल आणि मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम. जेलमधून रक्तात फार थोडं औषध जातं, म्हणून जठराला त्याचा धोका खूप कमी.

'जठराला कमी त्रास देणारी सुजेची गोळी मिळते ना?' असं काहीजण विचारतात. एटोरिकॉक्सिब तशी आहे. पण तिच्यानं हृदयाचा धोका वाढतो, त्यामुळे स्टेंट असलेल्या काकूंना ती चालणार नाही.

आणि ॲस्पिरिन? स्टेंट असलेल्या माणसानं पोटाच्या भीतीनं ॲस्पिरिन आपल्या मनानं बंद करणं फार धोक्याचं आहे, स्टेंट आतून बंद होऊ शकतो. काकूंची ॲस्पिरिन हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून रक्तस्राव थांबल्यावर काही दिवसांतच पुन्हा सुरू केली, पँटोप्रॅझोलच्या आडोशानं. ७५ मिलिग्रॅम ही छोटी मात्रा असली तरी तीही त्याच कुळातली आहे. ॲस्पिरिन आणि दुसरी सुजेची गोळी एकत्र घेणं टाळायचं ते याचसाठी. रक्त पातळ करणारी इतर औषधं किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यांनाही हेच लागू.

गळती थांबल्यावर त्याच ६० मिलिग्रॅमच्या गोळीनं काकूंचं हिमोग्लोबिन महिन्याभरात दीड अंकानं वाढलं. ते बारापर्यंत पोचल्यावरही अंगातला लोहाचा साठा भरायला गोळी आणखी तीन महिने चालू ठेवायची आहे. तेवढे दिवस शौच काळंच राहील. बांधीव असेल, वास नेहमीचा असेल आणि दर महिन्याचा आकडा वर सरकत असेल, तर त्या रंगाकडे लक्ष द्यायची गरज नाही.